आरशातला हरवलेला ‘य’ : अंतर्गत पुनर्रचनेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धुळ्यात अकरावी-बारावीला मराठी शिकवताना गेली कित्येक वर्षं एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी माझ्यापुढे आला आहे. तो पहिल्यांदा विचारणारा मुलगा शिरपूरकडचा होता. त्याने निबंधात ‘आरश्यात’ असं लिहिलं होतं, मी लाल शाईने ‘य’ खोडला होता. तास संपल्यावर तो वही घेऊन आला आणि म्हणाला, “सर, घोडा आणि आरसा एकाच जातीचे शब्द ना? मग घोड्याला ‘य’ चालतो, आरशाला का नाही?” मी तेव्हा “नियम आहे” एवढंच सांगितलं. तो निमूटपणे गेला. उत्तर अपुरं होतं हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. त्याचं खरं उत्तर शोधताना मी अंतर्गत पुनर्रचनेपर्यंत पोचलो. पुढचे प्रश्न विद्यार्थ्यांनी, त्यांच्या पालकांनी आणि अहिराणीवर काम करणाऱ्या मित्रांनी विचारलेले आहेत.

अंतर्गत पुनर्रचना म्हणजे नेमकं काय?

एकाच भाषेत एकाच शब्दाची किंवा प्रत्ययाची दोन रूपं सापडतात. आरसा आणि आरशा-, नातू आणि नातवा-, कापूस आणि कापसा-. ही दोन रूपं कधीतरी एकाच रूपातून फुटली असावीत असं धरून, त्या दोघांच्या मागे असलेलं जुनं रूप शोधायचं. अट एवढीच की शोधताना दुसऱ्या भाषेची मदत घ्यायची नाही. हिंदीत काय म्हणतात, गुजरातीत काय म्हणतात, संस्कृतात काय होतं, हे सगळं बाजूला ठेवायचं. जुन्या पोथ्याही मिटून ठेवायच्या. आज माणसं जे बोलतात तेवढाच पुरावा.

अशा शोधातून हाती लागलेल्या रूपापुढे तारांकन करतात: *आरस्या. ‘हे कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, तर्काने मांडलं आहे’ एवढाच त्या ताऱ्याचा अर्थ. व्याकरणात चुकीच्या रूपापुढेही तारा लावायची पद्धत आहे, त्यामुळे मुलांचा घोळ होतो. या लेखात तारा म्हणजे ‘मांडलेलं रूप’, ‘चुकीचं रूप’ नाही.

मग त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर काय? ‘आरशात’मधला ‘य’ कुठे गेला?

हे उत्तर घाईने देण्यासारखं नाही. शेवटी ‘आ’ असलेले पुल्लिंगी शब्द घ्या. घोडा, घोड्याला. डोळा, डोळ्यात. रस्ता, रस्त्यावर. वाडा, वाड्यात. दिवा, दिव्याखाली. विभक्ती लागताना, म्हणजे सामान्यरूपात, सगळीकडे ‘या’ येतो. आता याच जातीतले ‘सा’ने संपणारे शब्द घ्या. मासा, माशाला. ससा, सशाचा. घसा, घशात. पैसा, पैशाला. आरसा, आरशात. कोळसा, कोळशाचा. इथे ‘य’ नाही, पण वर ‘स’चा ‘श’ झाला आहे.

म्हणजे एका वेळी दोन विचित्र गोष्टी घडल्या आहेत आणि दोन्ही नेमक्या त्याच शब्दांत घडल्या आहेत. बाकी सगळ्या शब्दांत असलेला ‘य’ यांच्यात नाही, आणि बाकी शब्दांतलं व्यंजन जसंच्या तसं राहतं तर यांचं बदलतं. दोन अपवाद नेहमी जोडीने फिरत असतील तर त्यांचं मूळ एकच असण्याचा संशय घ्यावा. संशय असा: इथेही ‘य’ होता. *मास्याला, *आरस्यात. त्या ‘य’ने आधीच्या ‘स’ला ‘श’ केलं आणि मग तो स्वतः गळला. ‘श’ हा त्याच्या पावलाचा ठसा.

हा तर नुसता अंदाज झाला. पुरावा कुठे आहे?

अंदाजाचे दोन भाग करून ते वेगवेगळे तपासायचे. पहिला भाग: ‘य’सारख्या, म्हणजे तालव्य ध्वनीपुढे ‘स’चा ‘श’ होतो का? दुसरा: ‘श’नंतर ‘य’ गळतो का? दोन्ही गोष्टी मराठीत दुसरीकडे कुठे स्वतंत्रपणे दिसल्या तरच त्या जोडायचा अधिकार आपल्याला आहे.

पहिला भाग बघू. कसा, पण कशी. असा, पण अशी. तसा, तशी. तुळस, पण तुळशी वृंदावन. म्हैस, पण म्हशी. दिवस, पण त्या दिवशी. ‘ई’ आली की ‘स’चा ‘श’. ‘ई’ आणि ‘य’ उच्चारताना जीभ टाळूच्या त्याच भागाकडे जाते, म्हणून जे ‘ई’पुढे घडतं ते ‘य’पुढे घडणं साहजिक आहे. पहिला भाग उभा राहिला.

आता दुसरा भाग, आणि हा मला फार आवडतो. शेवटी ‘ई’ असलेले स्त्रीलिंगी शब्द अनेकवचनात ‘या’ घेतात: काठी, काठ्या. वाटी, वाट्या. पिशवी, पिशव्या. पण उशी? उशा. बशी? बशा. मिशी? मिशा. माशी? माशा. ‘य’ पुन्हा गायब, आणि तो पुन्हा ‘श’च्या पाठीमागेच गायब. या शब्दांना आरसा-घोडा या गटाशी काही देणंघेणं नाही. लिंग वेगळं, प्रत्यय वेगळा, तरी ‘य’ त्याच जागी हरवतो. म्हणजे ‘श’नंतरचा ‘य’ गळणं ही मराठीची जुनी, स्वतंत्र सवय आहे.

दोन्ही भाग दोन वेगळ्या ठिकाणी सिद्ध झाले, म्हणून आता जोडता येतात: *आरस्या- आधी *आरश्या- झालं, मग आरशा-. क्रम महत्त्वाचा. ‘य’ आधी गळला असता तर ‘स’ला बदलायला कोणी उरलंच नसतं आणि आज आपण ‘आरसात’ म्हटलं असतं. तेव्हा ‘श’ आधी, गळती नंतर. एकही जुनं पान न उलगडता दोन घटनांचा मागचापुढचा क्रम हाती येतो.

मला आणखी एक पडताळा विशेषणांत मिळाला: मोठा, मोठी, मोठे, मोठ्या. तसा, तशी, तसे, तशा. वरच्या ओळीत ‘या’ आहे त्या शेवटच्या घरात खाली ‘शा’ आहे. ‘तशा’मध्ये ‘ई’ नाही, तरी ‘श’ आहे. ‘य’ मानल्याशिवाय तो ‘श’ समजावताच येत नाही.

साधा नियम का नाही? ‘ला’, ‘त’, ‘चा’ लागले की ‘स’चा ‘श’ होतो, बस्स.

मग घासाला ‘घाशाला’ म्हणावं लागेल. घास, घासाला. रस, रसाचा. केस, केसात. फणस, फणसाचा. इथे प्रत्यय तेच, ‘सा’ही तोच, पण ‘श’ होत नाही. घसा आणि घास शेजारी ठेवा: घशात अडकलेल्या घासाला पाणी लागतं. एकाच वाक्यात दोन्ही रूपं. फरक असा की घास, रस, केस हे ‘हात-हाताला’ या गटातले आहेत. त्या गटात ‘य’ कधीच नव्हता, म्हणून ‘स’ शाबूत राहिला. ‘श’ कुठे होणार आणि कुठे नाही हे ‘य’ मानला की आपोआप ठरतं. न मानला तर शब्दांची यादी पाठ करावी लागते.

मूळ रूप ‘स’चंच कशावरून? ‘श’चं असून त्याचा ‘स’ झाला असेल तर?

दिशा ठरवणं हेच या कामातलं खरं अवघड काम. दोन रूपं समोर आहेत, थोरलं कोणतं?

कसोटी अशी: ज्या रूपावरून दुसरं बिनचूक ओळखता येतं ते जुन्याच्या जवळचं. ‘मासा’ दिला की ‘माशा-’ हे रूप नियमाने निघतं. उलटं करून पाहा. ‘माशांना’ दिलं तर मूळ शब्द मासा की माशी? सांगता येत नाही. “माशांना हाकल” म्हणताना ताटावरच्या माशा असतात, “माशांना पीठ टाक” म्हणताना तापीतले मासे. दोन वेगळे शब्द त्या रूपात येऊन एक झाले आहेत. जिथे भेद बुजतो ती जागा नवी, जिथे भेद दिसतो ती जुनी. म्हणून मूळ रूप ‘सा’ असलेल्या बाजूने मांडायचं.

हेच बाजारात ऐका. जळगावच्या मार्केट यार्डात कोणी म्हणालं, “भावाला धरून राहा”, तर तो भाऊ आहे की भाव? भाऊ, भावाला. भाव, भावाला. सामान्यरूपात दोघे एकजीव झाले. एकटे उभे असताना मात्र वेगळे आहेत. म्हणून *भाउ + आ असं जुनं रूप मांडायचं, आणि स्वरापुढे ‘उ’चा ‘व’ झाला असं म्हणायचं. नातू-नातवाला, विंचू-विंचवाला, गहू-गव्हाला इथे तेच घडलं आहे. उलट दिशेने, म्हणजे शेवटच्या ‘व’चा ‘ऊ’ झाला असं म्हटलं, तर गाव, नाव, देव, घाव हे शब्द ‘गाऊ, नाऊ, देऊ, घाऊ’ का झाले नाहीत याचं उत्तर द्यावं लागेल. ते देता येत नाही.

पण ‘चाकू’चं ‘चाकवाला’ होत नाही. नियम मोडला की.

मोडला नाही. चाकूने, तंबूत, काजूचा, पेरूला. हे शब्द बाहेरून आले, फारसीच्या वाटेने किंवा पोर्तुगीजांबरोबर. ‘उ’चा ‘व’ करणारी लाट ओसरल्यानंतर ते मराठीत शिरले असं मानलं की ते कोरडे का राहिले ते कळतं. साधू आणि गुरू संस्कृतातून पुन्हा उसने घेतलेले, तेही तसेच कोरडे.

इथे एक सावधगिरी. ‘न बदलणारा तो परका’ असं उलटं सूत्र करू नका. लाडू घरचाच आहे. माझी आई ‘लाडवाचं पीठ’ म्हणायची, माझी मुलगी ‘लाडूचं पीठ’ म्हणते. शब्द परका झाला नाही, फक्त पोरांनी त्याचं रूप सरळ केलं. एखादा शब्द कोरडा का आहे याची दोन कारणं असू शकतात, आणि अंतर्गत पुराव्यावरून त्यांतलं कोणतं खरं हे दर वेळी ठरत नाही.

लेखननियमांत ‘य’ नाही म्हणून तो गळला, असं तर नाही?

नाही. लेखन उच्चाराच्या मागून आलं. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांत ‘सा’ने संपणाऱ्या पुल्लिंगी शब्दांच्या सामान्यरूपात ‘शा’ लिहावं, घशाला, सशाला, असं सांगितलं आहे. त्याच नियमात ‘जा’ने संपणारे शब्दही आहेत: दरवाजाला, मोजाला. हे दोन एकत्र का आले ते आता दिसेल. ‘मोजा’ म्हणताना ‘ज’ दाताजवळचा आहे, ‘जहाज’मधल्या शेवटच्या ‘ज’सारखा. ‘मोजात’ म्हणताना तो टाळूजवळचा होतो, ‘जीभ’मधल्या ‘ज’सारखा. मोठ्याने म्हणून पाहा, जीभ मागे सरकलेली जाणवेल. म्हणजे तिथेही ‘य’ने व्यंजनाला टाळूकडे ओढलं आणि मग तो गळला. दोन्ही ‘ज’साठी अक्षर एकच असल्यामुळे हा बदल कागदावर दिसत नाही, कानाने ऐकावा लागतो.

‘माझ्या’, ‘घराच्या’ यांत आपण ‘य’ अजून लिहितो. बोलताना अनेकांच्या तोंडी तिथे वेगळा ‘य’ उरत नाही, टाळूजवळचा ‘च’ किंवा ‘झ’ तेवढा राहतो. लिहिताना मात्र तो ‘य’ उपयोगी पडतो, कारण कोणता ‘च’ ते त्यावरून कळतं. ‘स’ आणि ‘श’ला वेगळी अक्षरं असल्यामुळे तिथे ती गरज पडली नाही. शिरपूरच्या त्या मुलाला हे सांगायला हवं होतं: तुझा ‘आरश्यात’ आजच्या लेखनात चूक आहे, पण तू जो ‘य’ शोधत होतास तो खरोखर तिथे होता.

मी अहिराणी बोलतो. अहिराणीचा पुरावा का घेत नाही?

कारण घेतला की पद्धत बदलते. अहिराणी आणि प्रमाण मराठी शेजारी ठेवणं ही तुलना झाली, आणि तुलनात्मक पुनर्रचना ही वेगळी पद्धत आहे. तुलना वाईट म्हणून ती टाळत नाही. आधी प्रत्येक बोलीचा आतला हिशेब वेगळा मांडून घ्यावा, मग दोन्ही हिशेब समोरासमोर ठेवावेत. आधीच मिसळले तर कोणता पुरावा कुठला हे कळेनासं होतं.

खानदेशातल्या माणसाला हे करणं अवघड जातं, कारण आपल्या डोक्यात दोन्ही एकदम चालू असतात. प्रमाण मराठीत ‘डोक्यात’, अहिराणीत ‘डोकामा’. अहिराणीच्या या रूपात ‘य’ दिसतच नाही. तेव्हा फक्त अहिराणी बोलणाऱ्याने आतला हिशेब मांडला तर या वाटेने हरवलेला ‘य’ त्याला सापडणार नाही. तो तिथे कधी नव्हता की असून पुसला गेला, हेही आतून ठरणार नाही. तिथे तुलनेचीच गरज लागते.

मग या पद्धतीला काय दिसत नाही?

सर्वांत मोठी मर्यादा आपल्या गावाच्या नावातच आहे. अहिराणीत धुळ्याला ‘धुये’ म्हणतात. डोळा तो डोया, काळा तो काया, मळा तो मया. ‘ळ’चा ‘य’ झाला आणि तो सगळीकडे झाला: शब्दाच्या मध्ये, शेवटी, कोणत्याही स्वराआधी. कुठलाच कोपरा सुटला नाही.

आता कल्पना करा की प्रमाण मराठी नाही, गुजराती नाही, फक्त अहिराणी उरली आहे. ‘काया’ या शब्दात पूर्वी ‘ळ’ होता हे कोणी ओळखेल का? नाही. एका रूपात ‘ळ’ आणि दुसऱ्यात ‘य’ अशी जोडी उरली असती तर धागा मिळाला असता. बदल सरसकट झाला की जोडी उरत नाही, आणि जोडी नसली की ही पद्धत आंधळी होते. ‘आरसा’ आपल्याला सापडला, कारण ‘स’चा ‘श’ काही ठिकाणीच झाला. अर्धवट बदल खुणा ठेवतो, पूर्ण बदल त्या पुसून नेतो.

दुसरी मर्यादा लहान आहे. मूल-मुलाला, फूल-फुलाला, मीठ-मिठाचं, पीक-पिकाला अशा घरच्या शब्दांत दीर्घ-ऱ्हस्वाची अदलाबदल इतकी नियमित आहे की कोणत्याही बाजूने दुसरी काढता येते. त्यामुळे मघाची दिशेची कसोटी इथे काहीच सांगत नाही. अशा वेळी गप्प राहावं.

ही पद्धत चुकीच्या रूपापर्यंत नेऊ शकते का? एखादं उदाहरण?

आपल्याच शेतातलं उदाहरण घ्या: कापूस.

कापूस, कापसाचा. माणूस, माणसाला. लसूण, लसणाची. तांदूळ, तांदळाचा. सामान्यरूपात मधला ‘ऊ’ जातो. त्याच बरोबर खारीक-खारकेला इथे ‘ई’ जाते, आणि कागद-कागदाला इथे मधला ‘अ’ उच्चारात जातो. तिन्ही वेगळे स्वर सामान्यरूपात एकसारखे नाहीसे होतात. कापसा-, कागदा-, खारके- यांवरून मुळात कोणता स्वर होता ते सांगता येत नाही. कापूस, कागद, खारीक यांवरून मात्र सामान्यरूप सांगता येतं. दिशेची कसोटी लावली, निकाल स्पष्ट: मूळ *कापुस + आ, मधला ‘उ’ नंतर गळला.

आता मिटून ठेवलेली दारं उघडू. संस्कृतात माणूस म्हणजे मानुष, लसूण म्हणजे लशुन, तांदूळ म्हणजे तण्डुल. तिन्ही ठिकाणी ‘उ’ आहे, आपला तर्क बरोबर. आणि कापूस? कार्पास. तिथे ‘उ’ नाही, ‘आ’ आहे.

मी पहिल्यांदा हे ताडून पाहिलं तेव्हा खट्टू झालो होतो. नंतर कळलं की तर्क चुकला नव्हता. मराठीत कधीतरी ‘कापुस’ असं रूप होतं आणि त्यातूनच ‘कापसा-’ निघालं, एवढंच तर्क सांगत होता, आणि ते खरं आहे. त्या ‘उ’च्याही आधी ‘आ’ होता हे मराठीच्या आतल्या कोणत्याही जोडीत उरलेलं नाही. ही पद्धत जोडीच्या वयाइतकीच मागे नेते. मांडलेल्या रूपाला ‘मूळ’ म्हणण्याऐवजी ‘एक पायरी आधीचं’ म्हणावं, म्हणजे गैरसमज होत नाही.

वर्गात कोणीतरी हटकून विचारतं, “सर, आपण उभ्या पिकाला कपाशी म्हणतो, त्यात ‘आ’ आहे ना?” आहे. पण शेजारी गुजरात, वर निमाड, आणि गुजराती-हिंदीत कपास. ‘कपाशी’ घरची जुनी की शेजारून आलेली हे मराठीच्या आतून ठरवता येत नाही. सीमेवरच्या मुलखात हा धोका कायम असतो: दोन रूपांची जोडी दिसते, आणि त्यांतलं एक पाहुणं निघतं.

लोक ‘पैशे’ म्हणतात. ते कुठे बसतं?

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. पैसा, पैसे, पैशाला, ही तीन रूपं घ्या. नियमाप्रमाणे ‘पैसे’मध्ये ‘स’ हवा. मासे, ससे, आरसे, कसे, तसे इथे ‘स’च आहे, म्हणजे ‘ए’पुढे ‘स’ बदलत नाही. तरी बाजारात ‘पैशे’ सर्रास ऐकू येतं. पैशाला, पैशांचा, पैशात ही रूपं तोंडात इतकी फिरतात की तो ‘श’ शेजारच्या रूपातही पसरतो. याला सादृश्य म्हणतात: एका रूपाच्या ओढीने दुसरं बदलणं. तिथे ध्वनीचा नियम काम करत नाही.

समजा आणखी शंभर-दोनशे वर्षांनी ‘माशे’, ‘सशे’, ‘आरशे’ सगळे रूढ झाले. त्या काळचा अभ्यासक आतला हिशेब मांडेल आणि म्हणेल, ‘ए’पुढेही ‘स’चा ‘श’ होत असे. तो चुकेल. आपण आज मांडलेल्या रूपांतही असे जुने ‘पैशे’ लपलेले असू शकतात. बचाव एकच: जास्त वापरातला एखादा शब्द धरून नियम बांधू नये, आणि कमी वापरातले शब्द, वळसा, ठसा, कोळसा, आवर्जून तपासावेत. सादृश्याचा जोर सारखा वापरल्या जाणाऱ्या जोड्यांत आणि तरुण तोंडांत आधी दिसतो, म्हणून म्हाताऱ्या माणसांचं बोलणं वेगळं टिपून ठेवावं.

या पद्धतीने मांडलेलं रूप पुढे कधी खरं ठरलं आहे का?

ठरलं आहे, आणि ती गोष्ट भाषाशास्त्रात प्रसिद्ध आहे. फेर्दिनां द सोस्यूर हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. त्याच्या प्रबंधावर १८७९ साल आहे. इंडो-युरोपीय मूळभाषेच्या धातूंतली स्वरांची अदलाबदल त्याला नियमात बसवायची होती. काही दीर्घ स्वर वागायला वेगळे होते. ते म्हणजे ऱ्हस्व स्वर अधिक एक हरवलेला ध्वनी, असं त्याने मांडलं. तो ध्वनी तेव्हा माहीत असलेल्या कोणत्याही भाषेत उरलेला नव्हता. नंतर तुर्कस्तानात सापडलेल्या मातीच्या पाट्यांवरची हित्ती भाषा वाचता आली, आणि १९२७ मध्ये कुरिलोविच या पोलिश अभ्यासकाने दाखवलं की सोस्यूरने ध्वनी मांडला होता त्यांतल्या काही जागी हित्तीत ‘ह’सारखा ध्वनी प्रत्यक्ष लिहिलेला आहे. एवढं ध्यानात ठेवावं की सोस्यूरचा कच्चा माल तुलनेतून आलेला होता. त्या मालाच्या आतली अदलाबदल मात्र त्याने याच रीतीने सोडवली.

आपल्याकडचा लहान पडताळा सांगतो. गोसावी, गोसाव्याला. इथल्या ‘व्या’मागे *गोसाविआ असं रूप मांडता येतं: शेवटची ‘ई’ पुढच्या ‘आ’मुळे आखडून ‘य’ झाली. महानुभावांच्या लीळाचरित्रात ‘गोसावियांसि’ असं रूप जागोजागी भेटतं. तिथे ‘वि’ आणि ‘या’ अजून वेगळे उच्चारले जात आहेत, आखडणं व्हायचं आहे. तर्काने गाठलेली पायरी तेराव्या शतकातल्या गद्यात उभी दिसते.

मला घरी करून बघायचं आहे. सुरुवात कुठून करू?

एक वही घ्या आणि एकाच माणसाचं बोलणं टिपा. आजीचं असेल तर उत्तम. पहिल्याच दिवशी नियम शोधू नका. शब्द जोडीने लिहा: एकवचन-अनेकवचन, शब्द-सामान्यरूप, पुल्लिंगी-स्त्रीलिंगी. पन्नास-साठ जोड्या झाल्या की एकसारख्या वागणाऱ्या वेगळ्या काढा. मग न बदलणाऱ्या जोड्यांची दुसरी यादी करा, आणि ती पहिलीइतकीच जपून ठेवा. ‘घास-घासाला’ ही जोडी माझ्या वहीत नसती तर ‘घसा-घशाला’ मला कधीच उलगडलं नसतं.

उच्चार लिहा, शुद्धलेखन नको. ‘मोजा’ आणि ‘मोजात’मधला ‘ज’ वेगळा असेल तर खूण करा. मांडलेलं रूप लिहिताना शेजारी दोन गोष्टी नोंदवा: कोणते बदल मानले, आणि ते या शब्दाबाहेर आणखी कुठे दिसले. दुसऱ्या रकान्यात काहीच लिहिता आलं नाही तर ते रूप पेन्सिलनेच राहू द्या.

संस्कृत, पोथ्या आणि शेजारच्या बोली शेवटी उघडा. धुळ्यात असाल तर राजवाडे संशोधन मंडळात जुने कागद आणि पोथ्या बघायला मिळतात. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये याच गावात वारले, आणि त्यांच्या नावाने ही संस्था उभी राहिली. पण वहीतला हिशेब पूर्ण झाल्यावरच तिकडे जा. आधी गेलात तर उत्तर डोक्यात घेऊन परत याल, आणि मग आजीच्या बोलण्यात तेच ऐकू यायला लागेल.

त्या शिरपूरच्या मुलाचं पुढे काय झालं?

तो बी-बियाणांच्या दुकानात बसतो. दोन वर्षांपूर्वी भेटला तेव्हा मी त्याला उशा, बशा आणि मिशांची गोष्ट सांगितली. त्याने ऐकून घेतलं, क्षणभर थांबला आणि म्हणाला, “सर, मग ‘खुर्च्या’त ‘य’ कसा राहिला?” मी ‘च’बद्दल सांगितलं, कोणता ‘च’ ते कळावं म्हणून लिहिण्यात तो राहिला असं म्हटलं. गिऱ्हाईक आलं म्हणून बोलणं तिथेच राहिलं. घरी येऊन मी वहीत ‘खुर्ची-खुर्च्या, गच्ची-गच्च्या, कैची-कैच्या’ लिहिलं आणि आजूबाजूच्या चार जणांना ते म्हणायला लावलं. दोघांच्या तोंडी ‘य’ स्पष्ट होता, दोघांच्या नव्हता. ती जोडी अजून पेन्सिलनेच आहे.